युरिन प्रोटीन निल आणि प्रीएक्लाम्प्सिया?

"युरिन प्रोटीन निल असेल तर जेस्टेशनल हायपरटेन्शनच लिहायचं ना?"

नाही हो, इथेच मार्क जातात. आधी आठवडे बघा. २० च्या आधीपासून बीपी असेल तर क्रॉनिक, नंतर १४०/९० किंवा जास्त, चार तासांनी परत तसंच आलं तर जेस्टेशनल, पण त्यासोबत प्रोटीन किंवा एखाद्या अवयवाला इजा दिसली की तो प्रीएक्लाम्प्सिया, झटका आला की एक्लाम्प्सिया.

समजा ३५ आठवडे, बीपी १७०/११२, डोकं दुखतंय, प्रोटीन निल, प्लेटलेट ८२,०००. प्लेटलेट १ लाखाच्या खाली म्हणजे हा सिव्हियर फीचर्सवाला प्रीएक्लाम्प्सियाच, प्रोटीनची वाट बघत बसायचं नाही.

उत्तरात पहिलं बीपी: लॅबेटालॉल २० मिग्रॅ शिरेतून, १० मिनिटांनी परत मोजून नाही उतरलं तर ४०, मग ८० (दमा असेल तर हे नको, निफेडिपिन १० मिग्रॅ तोंडाने). टार्गेट १४०-१५०/९०-१००, एकदम नॉर्मलला आणलं तर बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो.

सोबत मॅगसल्फ, ४ ग्रॅम हळूहळू शिरेतून, मग तासाला १ ग्रॅम, डिलिव्हरीनंतर २४ तास. प्लेटलेट कमी म्हणून मी प्रिचर्डची कमरेतली इंजेक्शनं टाळेन, हिमॅटोमा होतो. नी जर्क गेला, श्वास १२ च्या खाली आला की मॅगसल्फ बंद आणि कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम. लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी झाली तरी डोस थांबवा, कारण मॅग्नेशियम किडनीतूनच बाहेर जातं.

३४ आठवडे उलटलेत, म्हणून स्थिर केलं की डिलिव्हरी. सिझेरियनच हवं असं नाही, इंडक्शन चालतं.