मदत हवी आहे: आईचा फिस्टुला तयार होत नाही

शमिका_र: डायलिसिसच्या सुईसाठी आईच्या हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला, त्याला दोन महिने होत आले, नस फुगतच नाही. डायलिसिस अजून मानेतल्या कॅथेटरवरच चालू आहे. तंत्रज्ञ म्हणतात थांबा. किती थांबायचं?

बंडूकाका: रबरी चेंडू दाबायला लावा. माझा महिन्याभरात फुगला होता.

डायलिसिस_सिस्टर: चेंडूनं फायदा होतो, पण रक्ताची वाट अरुंद असेल तर नुसता चेंडू काय करणार? शमिकाताई, फिस्टुला मनगटाला की कोपरापाशी? हात लावल्यावर काय जाणवतं?

शमिका_र: डाव्या मनगटाला. टाक्यांपाशी ठोका जोरात लागतो. दोन बोटं वर सरकलं की काहीच नाही.

डायलिसिस_सिस्टर: चांगल्या फिस्टुलात सलग थरथर लागते, मांजराच्या घुरघुरीसारखी, आणि ती वर सरकत हळूहळू मंदावते. जोडापाशी नुसता ठोका आणि पुढे एकदम शांत, म्हणजे जोडाजवळच शीर अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. आता हात डोक्याच्या वर उचलून बघा, शीर बसते का?

शमिका_र: हो, लगेच सपाट होते.

डायलिसिस_सिस्टर: मग वरच्या बाजूला मोठा अडथळा असण्याची शक्यता कमी. तशीच ताठ राहिली असती तर मी वर शोधायला सांगितलं असतं. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, सांगितलाय का?

बंडूकाका: उगाच घाबरवू नका. काहींना तीन महिने लागतात.

डायलिसिस_सिस्टर: लागतात, काका. पण सहा आठवड्यांनी तपासायचं असतं. शीर साधारण 6 मिमी रुंद, कातडीखाली 6 मिमीपेक्षा खोल नको, प्रवाह मिनिटाला 600 मिलिच्या आसपास. हे झालं नाही तर कारण शोधायचं. कॅथेटर जितका जास्त दिवस, तितका जंतुसंसर्गाचा धोका.

निवांत_७२: सुईची जागा रोज बदलायची बरं का. एकाच ठिकाणी टोचून माझ्या हाताला फुगवटा आलाय.

शमिका_र: सुई अजून लागलेलीच नाही हो!

निवांत_७२: मग पुढे कामाला येईल. त्या हाताला बीपीचा पट्टा, रक्त काढणं, घड्याळ, काही नको. टोचण्याआधी हात साबणाने धुवायचा.

शमिका_र: डॉपलर झाला. जोडापासून वर दोन सेंटिमीटरवर शीर 1.8 मिमी, प्रवाह 280. डॉक्टर म्हणाले बलूननं रुंद करू.

डायलिसिस_सिस्टर: ठीक. बलूननंतर पुन्हा अरुंद होऊ शकतं, म्हणून थरथर रोज बघत राहा. थांबली तर त्याच दिवशी कळवा, गुठळी जुनी झाली की काढणं अवघड. आणि तंत्रज्ञ बारीक शिरेत सुई घालू म्हणाले तर नको म्हणा, फुटून काळंनिळं होतं.

बंडूकाका: चेंडू मात्र सोडू नका.

शमिका_र: बलूननंतर किती दिवसांनी सुई टोचतात? नसच खोल निघाली तर?