मदत हवी आहे: शेअर, सेव्ह, कमेंट, लाइक… नक्की कशावर भरवसा ठेवू?

रंगपेटी: मी जलरंग शिकवणारे छोटे रील टाकते. ऑनलाइन वर्गाला विद्यार्थी मिळावेत एवढाच हेतू आहे. पुढचे व्हिडिओ कसे करायचे हे ठरवताना गोंधळ उडालाय.

पहिला, माझं फसलेलं चित्र (गंमत म्हणून टाकलेला): ४०,००० जणांपर्यंत पोचला. लाइक २,४००, कमेंट १८०, शेअर ६००, सेव्ह ८०.
दुसरा, आकाशाचा वॉश कसा द्यायचा: पोच फक्त ५,०००. लाइक २५०, कमेंट २०, शेअर ५०, सेव्ह ३००.

पहिल्यासारखेच करत राहू का?

निवांत: सेव्ह बघा, बाकी सगळं दिखाऊ. लाइक काय, अंगठा सरकवता सरकवताही पडतो.

उडता_पतंग: माझी पोच महिनाभर पार बसलीये. हॅशटॅग किती टाकावेत?

निवांत: पतंगराव, त्यासाठी वेगळा धागा काढा की.

आकडेमोड: आधी प्रत्येक आकड्याला पोचेने भागा. लाइक ६ आणि ५ टक्के, शेअर दीड आणि १ टक्का, म्हणजे फार फरक नाही. सेव्ह मात्र ०.२ विरुद्ध ६ टक्के. निवांत म्हणतात ते तुमच्यापुरतं खरं आहे, कारण तुमचे व्हिडिओ शिकवणीचे आहेत. विनोदी व्हिडिओ कोण सेव्ह करतं? तो मित्राला पाठवतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवण्याचं प्रमाण जास्त उपयोगी, आणि आपल्या फॉलोअर्सपर्यंत पोचायला लाइक थोडे जास्त. म्हणजे शेअर नवे लोक दारापर्यंत आणतो. ते आत आले का, हे वेगळं तपासा. दोन्ही व्हिडिओंवरून नवे फॉलोअर किती आले?

रंगपेटी: पहिल्यावरून ४०, दुसऱ्यावरून ३५.

आकडेमोड: म्हणजे हजारी १ आणि ७. तुमच्या बाबतीत सेव्ह आणि फॉलो एकाच दिशेला दिसतात. पण दोनच व्हिडिओंवर जाऊ नका, मागचे दहा-बारा असेच मांडून बघा. आणखी एक मेख आहे: पोच वाढली की व्हिडिओ अनोळखी, कमी रस असलेल्यांपुढे जातो आणि टक्केवारी आपोआप घसरते. तेव्हा ४०,००० आणि ५,००० ची तुलना पहिल्याला थोडी अन्यायाचीच. आणि १८० कमेंटमध्ये तुमची उत्तरं किती?

रंगपेटी: अय्या, जवळजवळ निम्मी माझीच! उरलेल्यांत नुसते हसरे चेहरे. दुसऱ्यावर मात्र सातआठ जणांनी कागद कोणता ते विचारलंय.

आकडेमोड: मग कमेंट मोजू नका, वाचा. कागद विचारणारा वर्गाला येण्याची शक्यता जास्त.

निवांत: पण सेव्ह केलेलं पुन्हा उघडतं कोण? माझ्याकडे शेकडो पडलेत.

आकडेमोड: तो आकडा आपल्याला दिसत नाही, मान्य.

रंगपेटी: मागचे बारा व्हिडिओ काढते आणि रविवारी इथेच टाकते. गमतीचे बंद करावेत की नाही, हे अजून ठरत नाहीये.