सरासरी डीएससीआर १.६९ असूनही बँक मुदत वाढवायला सांगते. बरोबर आहे का?

रबाळे_वर्कशॉप: रबाळे एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं युनिट आहे, प्रोप्रायटरी. नव्या व्हीएमसीसाठी ६० लाखांचं टर्म लोन मागितलंय, १० टक्क्यांनी. पहिलं वर्ष फक्त व्याज, पुढे पाच वर्षांत मुद्दल. सीएंनी काढलेला सरासरी डीएससीआर १.६९ आहे. तरी मॅनेजर म्हणतात, मुद्दल सात वर्षांत फेडा. का?

वागळे_इस्टेट: व्याज कमवायला, दुसरं काय! मुद्दल पाच वर्षांत फेडलंत तर त्या काळातलं व्याज साधारण १८ लाख, सात वर्षांत २४. बहुतेक बँका सरासरी दीडवर समाधानी असतात, मग तुम्ही वरचे सहा लाख का भरायचे?

ठाण्याची_क्रेडिटवाली: व्याजाचा हिशोब बरोबर आहे, पण सरासरीवर जाऊ नका. वर्षवार आकडे टाका.

रबाळे_वर्कशॉप: ३.००, १.१७, १.३०, १.४५, १.५६, १.६८.

ठाण्याची_क्रेडिटवाली: पहिला ३ फसवा आहे. त्या वर्षी मुद्दलच नाही, म्हणून १८ लाखांची आवक फक्त ६ लाख व्याजासमोर उभी आहे. ते वर्ष वगळलं की सरासरी १.४३ वर येते. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षाची. नफा आणि घसारा मिळून १५, त्यात व्याजाचे ६, म्हणजे २१ लाख. भरायचे १८. उरतात तीन. विक्री दहा टक्क्यांनी घटली आणि भाडं-पगार तसेच राहिले, तर हे तीन लाख सहज जातात. मी फाइल बघायचे तेव्हा विक्री कमी धरून हेच वर्ष पुन्हा मांडायचे. सात वर्षं घेतलीत तर त्याच वर्षी भरणा १४.६ लाखांवर येतो आणि गुणोत्तर १.४४ होतं.

तुर्भे_पॅकेजिंग: माझं सिबिल ७९० होतं, तरी मला नकार आला होता. तुमचं किती आहे?

ठाण्याची_क्रेडिटवाली: सिबिल मागची शिस्त दाखवतं. या मशीनमधून पुढचा हप्ता निघेल का, हे त्यातून कळत नाही. रबाळेकर, तुम्ही घरखर्चाला धंद्यातून किती उचलता? सीएंनी ते वजा केलंय का?

रबाळे_वर्कशॉप: वर्षाला पाचेक लाख. वजा केलेले नाहीत.

ठाण्याची_क्रेडिटवाली: मग दुसऱ्या वर्षी हातात १६ आणि भरायचे १८. गुणोत्तर एकच्या खाली. सात वर्षांतही जेमतेम १.१० बसतं. बँका एखाद्या वर्षीसुद्धा साधारण १.२ च्या खाली जाऊ देत नाहीत. मी असते तर कर्जाची रक्कमच कमी करायला सांगितलं असतं.

वागळे_इस्टेट: उचल मला मान्य. पण मशीन पहिल्या वर्षातच भरून चालली तर? चालू गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर हातात असेल, तर दुसऱ्या वर्षाचा नफा एवढा कमी का धरायचा?

ठाण्याची_क्रेडिटवाली: ऑर्डर लेखी असेल तर धरू. पण पैसे नव्वद दिवसांनी येणार असतील, तर कागदावरचा नफा हप्त्याच्या तारखेला खात्यात नसतो.

रबाळे_वर्कशॉप: ऑर्डर आहे, सहा महिन्यांचीच. आता ४५ लाखांत जुनी व्हीएमसी मिळते का बघतोय.

वागळे_इस्टेट: जुनीच्या दुरुस्तीचा खर्चही नफ्यातूनच जाईल. तो धरून पुन्हा मांडा.