तातडीचं: सणाची मराठी शुभेच्छा इंग्रजीवाल्या मित्रांना पाठवायची आहे

पारंबी:
उद्या संध्याकाळपर्यंत हवं आहे. ग्रुपवर मराठीत शुभेच्छा टाकायची आहे, पण तिथे सगळे इंग्रजीवाले. गेल्या वर्षी आपलं नेहमीचं वाक्य शब्दाला शब्द इंग्रजी करून टाकलं, तर एकाने विचारलं, भाव वाढणार आहेत का? दुसरीला वाटलं माझा फोन हॅक झाला. मराठी ओळ काढायची नाहीये. आणि नुसतं 'हॅपी अमुक' नको, ते तर बँकही पाठवते. कुणीतरी नीट लिहून द्या ना.

कट्टेकरी:
कुठला सण? कुठलं वाक्य? कशाचे भाव?

बापूकाका:
हे माझं स्वरचित, खुशाल पाठव, नाव नाही टाकलंस तरी चालेल.
तोरण दारी, दिवे अंगणी
लक्ष्मी नांदो तुमच्या सदनी

पारंबी:
काका, छान आहे, पण ही दिवाळीची झाली. आणि इंग्रजीत जायला हवं.
@कट्टेकरी अहो, उद्या दसराच आहे ना! सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

कट्टेकरी:
हां, मग भाव विचारणाऱ्याची काय चूक? तुम्ही त्याला सोनं घ्यायला सांगताय, त्यात दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक, सराफांच्या जाहिरातीही हेच म्हणतात.

गोदातीर:
सोपं आहे. खाली कौत्साची गोष्ट जोडा. वरतंतू ऋषींनी चौदा विद्यांची गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी मोहरा मागितल्या, कौत्स रघुराजाकडे गेला, राजाने यज्ञात सगळं दान करून टाकलं होतं, मग कुबेराने आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला. कालिदासाने रघुवंशात हे लिहिलंच आहे. परदेशी माणसांना अशा गोष्टी फार आवडतात.

दुभाषी:
गोष्ट रघुवंशाच्या पाचव्या सर्गात आहे हे बरोबर. पण तिथे सोनं राजाच्या कोषागारात पडतं, आपट्याचं झाड नाही. झाड आपल्या घरोघरी सांगतात त्या कथेतलं. तेही असो. शुभेच्छेखाली ऋषी, राजा, कुबेर आणि चौदा कोटी आले की वाचणारा दुसऱ्या ओळीला फोन खाली ठेवतो.

पारंबी, ग्रुपवर नेमकं कोण आहे ते सांगा. भारतातलेच इंग्रजीत बोलणारे, की बाहेरचे?

पारंबी:
जुन्या ऑफिसचा ग्रुप. एक मँचेस्टरला, त्याला भारताची काहीच माहिती नाही. एक मल्याळी, एक बंगाली, बाकी दोघं-तिघं दिल्लीकडचे. याने काय फरक पडतो?

दुभाषी:
फार पडतो. दिल्लीवाल्यांना दसरा म्हणजे रावण जाळणं. बंगाली मैत्रिणीच्या घरी त्या दिवशी दुर्गा निघते, डोळ्यांत पाणी असतं, 'शुभो बिजोया' विसर्जनानंतर म्हणतात. मल्याळी मित्राकडे लहान मुलं त्या दिवशी पहिलं अक्षर गिरवतात. तेव्हा 'आज दसरा आहे' असं सरसकट लिहिलंत तर प्रत्येकजण आपापला दसरा वाचेल आणि सोनं पुन्हा लटकेल. 'आमच्या घरी' एवढं घातलं की भांडण मिटलं.

आता मुख्य अडचण. आपल्याला 'सोनं' म्हटलं की पान दिसतं, त्यांना दागिना दिसतो. शिवाय ते वाक्य आपण पान हातावर ठेवताना म्हणतो. फोनवर हात गेला, पान गेलं, उरला नुसता हुकूम. म्हणून वाक्याचा अर्थ सांगत बसू नका, हातात काय ठेवतो ते सांगा.

दुसरं म्हणजे 'आपणांस व आपल्या परिवारास सुख, समृद्धी, आरोग्य, ऐश्वर्य लाभो' हे पूर्ण काढा. मराठीत कानाला सवय आहे म्हणून चालतं, इंग्रजीत तेच विमा कंपनीचं पत्र वाटतं. आधी साधी, छोटी मराठी वाक्यं लिहा, ज्यात कोण काय करतं ते दिसेल. मग इंग्रजी आपोआप सरळ होतं. यमकं नकोत, आधी तीच मोडतात.

बापूकाका:
यमक नसेल तर ती शुभेच्छा कसली? बातमी झाली.

हिरवाई:
मूळ मुद्दा कुणीच बोलत नाहीये. आपट्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात ढीग लागतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. त्यातही निम्म्या वेळा आपटा नसतोच, कांचन खपवतात. पानं देणं बंद करा, रोप द्या.

कट्टेकरी:
ताई, ती मेसेज पाठवतेय, फांदी नाही.

हिरवाई:
मेसेज बघूनच लोक फांद्या आणतात.

सातासमुद्रापार:
माझा अनुभव वेगळा आहे. मी इथे शेजाऱ्यांना दरवर्षी फक्त 'हॅपी दसरा' आणि पानाचा फोटो पाठवते. ज्याला कुतूहल असतं तो विचारतो, मग दारात उभं राहून सांगते. आधीच सगळं समजावलं की त्यांना विचारायला काही उरतच नाही.

पारंबी:
मी दारात उभी नाहीये ना. ग्रुपवर अंगठा दाखवतील आणि संपलं. @दुभाषी, लिहून द्याल का?

दुभाषी:
घ्या. पहिली ओळ मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहा, म्हणजे मँचेस्टरवाला निदान वाचायचा प्रयत्न करेल. पुढचं इंग्रजीत करा, वाक्यांचा क्रम न बदलता:

*सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!*
*दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या घरी एकमेकांच्या हातात एका झाडाचं पान ठेवतात. त्या पानाला आम्ही सोनं म्हणतो आणि देताना वरची ओळ म्हणतो: हे सोनं घे, आणि आहेस तसाच सोन्यासारखा राहा. वर्षभरात कुणाशी वाजलं असेल तर आज त्याच्याकडे आधी जातात. तुम्ही लांब आहात, म्हणून पानाचा फोटो पाठवतेय. हे तुमच्या वाट्याचं.*

'झाडाचं पान' आधी आणि 'सोनं' नंतर, हा क्रम महत्त्वाचा. उलटा केलात की पुन्हा भाव विचारतील. आपट्याचं नाव मुद्दाम घातलं नाही, त्यांच्यासाठी ते अडखळायचं ठिकाण आहे. आणि हे चित्रावर छापू नका, साधा मजकूर टाका. चित्रातली अक्षरं पुढे पाठवणाऱ्याला बदलता येत नाहीत, 'आमच्या घरी'चं 'माझ्या मैत्रिणीच्या घरी' करता आलं पाहिजे.

गोदातीर:
'आहेस तसाच' हे कुठून आणलं? मूळ वाक्यात नाही. तुम्ही अर्थ बदललात.

दुभाषी:
नाही, हे खरं. पण 'सोन्यासारखा राहा' एवढंच ठेवलं तर इंग्रजीत 'नीट वाग' असा सूर लागतो, जणू आत्ता तो बिघडलेला आहे. मला ती भर गरजेची वाटते. दुसरा कुणी ती टाळून हा सूर काढू शकत असेल तर मला वाचायला आवडेल.

गोदातीर:
मग तळटीप द्या.

सातासमुद्रापार:
शुभेच्छेला तळटीप! 'वाजलं असेल तर' ही ओळ मात्र ऑफिसच्या ग्रुपवर जपून. कुणीतरी विचारेल, कुणाबद्दल बोलतेयस?

पारंबी:
अगदी! त्या ग्रुपवर दोघांचं खरंच वाजलेलं आहे. ती ओळ काढते आणि एकट्या बंगाली मैत्रिणीला वेगळा मेसेज करताना ठेवते, आमचंही थोडं राहिलंय. तिला उद्या रात्री उशिरा, विसर्जन झाल्यावर पाठवेन. बाकी तसंच. फोटो आत्ताच काढला, खाली जोडलाय.

हिरवाई:
हा कांचन आहे. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद असतं. तुमचं हाताएवढं आणि लुसलुशीत दिसतंय.

कट्टेकरी:
मँचेस्टरला कोण तपासणार?

हिरवाई:
मल्याळी मित्र तपासेल.