'मोन्ताज'ला मराठीत काय म्हणावं?

रेवा: एका 11 मिनिटांच्या लघुपटाची संहिता मराठीत लिहितेय. बायको गेल्यानंतर एक निवृत्त गृहस्थ भाकरी करायला शिकतो. मध्ये तीनेक महिने जातात आणि ते मिनिटभरात दाखवायचे आहेत. मी लिहिलं होतं, "काळ पुढे सरकतो." छायाचित्रकाराने विचारलं, "सरकतो म्हणजे कुठवर? दुपारपर्यंत की दिवाळीपर्यंत?" तेव्हापासून अडकलेय. असे तुकडे तुकडे शॉट जोडून काळ उडवण्याला, म्हणजे मोन्ताजला, 'कालसंक्षेप' चालेल का?

जुना कंपोझिटर: शब्द आमच्या छापखान्यातला. पारदर्शक शीटवर फिल्मचे तुकडे जुळवून चिकटवायचे, त्याला आम्ही 'माँटाज' म्हणायचो. तुमच्या पोस्टरसाठी हवा असेल तर सरळ 'चिकटचित्र' म्हणा.

रेवा: काका, पोस्टर नाही, सिनेमातला मोन्ताज. पण 'चिकटचित्र' आवडला, कुठेतरी वापरीन.

मंदार: मोन्ताज म्हणजे टाइमलॅप्सच ना? कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि वेळ भराभर पळवायची. मी कॉलेजच्या गॅदरिंगच्या मांडवाचा केला होता, चार तासांचं काम 20 सेकंदांत. 'काळझेप' म्हणा.

गोदाकाठ: मंदार, टाइमलॅप्समध्ये काळ सलग असतो, फक्त वेगात पळतो. मोन्ताजमध्ये बहुतेक काळ आपण गाळलेला असतो आणि उरलेल्या तुकड्यांवरून गाळलेला भाग प्रेक्षक मनात भरतो. म्हणूनच गोंधळ मोन्ताजमध्ये होतो. तुमचा मांडव बघताना कुणी "मध्ये काय झालं?" असं विचारलं नसेल.

हेमंत: मुळात हा शब्दच चुकीचा वापरला जातोय. फ्रेंचमध्ये 'मोन्ताज' म्हणजे नुसतं संकलन, जोडणी. रशियनांनी त्याला खरा अर्थ दिला: दोन शॉट एकमेकांवर आदळून तिसरा अर्थ निघाला पाहिजे. गाणं लावून महिने उडवणं हा हॉलिवूडचा प्रकार, त्याला मोन्ताज म्हणू नये.

गोदाकाठ: इतिहास बरोबर, निष्कर्ष पटत नाही. शब्द दोन्ही अर्थांनी रुळलाय. पण तुमच्या मुद्द्यातून एक गोष्ट निघते. आयझेनस्टाइनच्या 1925 सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधला ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग घ्या. तिथे काळ आखडत नाही, ताणला जातो. पायऱ्या उतरायला प्रत्यक्षात लागेल त्याहून कितीतरी जास्त वेळ पडद्यावर लागतो, आणि तोही मोन्ताजच. तेव्हा रेवाताई, 'कालसंक्षेप' हा तुमच्या त्या मिनिटाला चालेल, मोन्ताज या शब्दाला प्रतिशब्द म्हणून नाही.

आणि मला वाटतं तुमची खरी अडचण नामाची नाही, क्रियापदाची आहे. तुमचा माणूस "भाकरी करायचा" की "भाकरी करत गेला"?

रेवा: फरक कळतो, पण पडद्यावर तो कसा दिसणार?

गोदाकाठ: "करायचा" म्हणजे रोजचंच, बदल नाही. "करत गेला" म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी पुढे सरकलं. पाच-सहा शॉट ओळीने लावले की प्रेक्षक तीनपैकी एक वाचन करतो: हे सगळं आत्ता चाललंय, किंवा हे रोज चालायचं, किंवा हे होत होत इथवर आलं. दिग्दर्शकाच्या मनात तिसरं असतं आणि पडद्यावर पहिलं उतरतं. 'सिटिझन केन'मधला न्याहारीचा प्रसंग (1941) बघा. नवरा-बायको तेच, टेबलही तेच. मध्ये कॅमेरा सर्रकन फिरल्यासारखा पट्टा येतो, तेवढ्यात कपडे बदलतात, बोलणं तुटक होत जातं, आणि शेवटी ती नवऱ्याचं सोडून प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र वाचत बसलेली असते. जागा हलत नाही, नातं तेवढं एकाच दिशेने घसरत जातं.

तुम्ही चाचणीचं चित्रण केलंय का?

रेवा: केलंय, आणि तेच दुखणं आहे. सहा जणांना दाखवलं, चौघांना वाटलं की आजोबा सकाळी बसले आणि संध्याकाळपर्यंत शिकले! शॉट असे: पहिली भाकरी परातीतच फाटते. दुसरी तव्यावर टाकताना दुमडते. तिसरी करपते. चौथीला कडेने चिरा. पाचवी फुगते, पदर सुटतो. खाली भाकरी थापल्याचा आवाज सलग ठेवलाय, लय छान लागते म्हणून. काळ दिसावा म्हणून डब्यातलं पीठही कमी कमी होत जाताना दाखवलंय.

गोदाकाठ: मग चौघांचं काय चुकलं? थापण्याचा आवाज त्याच स्वयंपाकघरातला आहे. तो न तुटता चालू राहिला की कान सांगतो, ही एकच बैठक आहे. कान बहुधा डोळ्यांवर मात करतो. एक तर प्रत्येक कटला आवाज तोडा: इथे कुकरची शिट्टी, पुढच्यात पाऊस, त्यापुढे शेजारचा रेडिओ. नाही तर खोलीबाहेरचं संगीत सगळ्यांवर पसरू द्या. आणि डब्यातलं पीठ काढून टाका. पीठ संपतं, पुन्हा भरतं. त्यावरून किती दिवस गेले ते कळत नाही.

रेवा: खरंय! एकीने विचारलं, "त्यांच्याकडे पैसे संपत आले होते का?"

वैशाली: माझी आई कुंडीत मेथी लावते, खिडकीतच. चार-पाच दिवसांत वर येते, तीन-चार आठवड्यांत खुडायला होते. आजोबांच्या मागे ठेवून दिली तर? (माझा सिनेमाशी संबंध नाही, मी फक्त 'काळझेप'वर हसायला आले होते.)

गोदाकाठ: वैशाली, हे उत्तम. हे माप मराठी घरात पाठ असतं. कॅलेंडरची पानं उडवण्यापेक्षा बरं. पण मेथी महिनाभराचीच साक्ष देईल. तीन महिन्यांसाठी अंगावरचं काहीतरी घ्या. आजोबांची दाढी चालेल.

रेवा: चित्रण दोनच दिवसांचं आहे हो. दाढी कुठून वाढवू?

गोदाकाठ: उलट्या क्रमाने करा. नटाला महिनाभर आधी दाढी वाढवायला सांगा. फुगलेल्या भाकरीचा शॉट सगळ्यात आधी घ्या, मग दाढी बारीक करत मागे या, फाटलेली भाकरी शेवटी. मेथीच्या मात्र वेगवेगळ्या वयाच्या तीन कुंड्या लागतील, आजच पेरायला घ्या. चौकट सगळीकडे तीच ठेवा, कॅमेऱ्याच्या पायांच्या जागी फरशीवर टेप लावा. शर्ट आणि खिडकीतला उजेड दर शॉटला बदला. पहिला शॉट पाचेक सेकंद राहू द्या, म्हणजे चौकट ओळखीची होते. मधल्यांना दोन-अडीच पुरे. शेवटच्यात खोलीचा आवाज परत आणा आणि कुणाला तरी बोलू द्या, नाहीतर मोन्ताज संपलाय हेच कळत नाही.

हेमंत: दर कटला एक शॉट पुढच्यात विरघळवणारा डिझॉल्व्ह टाकला की झालं की. काळ गेला हे त्यातून कळतंच.

गोदाकाठ: काळ गेला एवढं कळतं. तास गेला की ऋतू, ते नाही.

मंदार: पण करपलेली भाकरी तिसरी का? फाटली, दुमडली, करपली यात दिशा कुठाय? तीन वेगळ्या चुका झाल्या. "करत गेला" कुठे दिसतं?

गोदाकाठ: मान्य, हे माझ्या नजरेतून सुटलं. करपणं म्हणजे लक्ष नसणं, हात नसणं नव्हे. एकच चूक धरा, कडेच्या चिरा कमी होत जाऊ द्या.

रेवा: करपलेली नाही काढणार. ती बायकोच्या वाढदिवसाच्या दिवशीची आहे.

मंदार: ते प्रेक्षकाला कसं कळणार?

रेवा: तेच ठरत नाहीये. सध्या संहितेत ओळ बदललीय: "आजोबा भाकरी करू लागतात, करत जातात, मेथी दोनदा खुडून होते." छायाचित्रकाराने काही विचारलं नाही, सरळ कुंड्या आणायला गेला. वर शीर्षक अजून 'मोन्ताज'च आहे.

जुना कंपोझिटर: 'चिकटचित्र' लिहा.