मदत हवी आहे: इंग्रजी प्रबंधातला परिच्छेद, माहिती आहे पण मुद्दा दिसत नाही

रानवाट
भूजल व्यवस्थापनावरचा पीएचडीचा प्रबंध इंग्रजीत लिहितेय. बारावीपर्यंत मराठी माध्यम. व्याकरणावर गाइडचा फारसा आक्षेप नसतो, पण हिवरे बाजारवरच्या परिच्छेदाशेजारी त्यांनी "यातून काय म्हणायचंय?" एवढंच लिहिलंय. मसुदा इंग्रजीत आहे, इथे आशय मराठीत देते:

"हिवरे बाजार हे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्यातले गाव आहे. १९९०च्या दशकात तिथे समतल चर आणि बांध घातले गेले. सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावर गावाने बंदी घातली. उसासारखी जास्त पाण्याची पिके टाळली जातात. गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. यावरून लोकसहभाग महत्त्वाचा आहे असे दिसते."

टॉपिक सेन्टेन्स, पुरावा आणि लिंक हवी हे माहीत आहे. पण माझ्या मते तिन्ही आहेत. मग चुकतंय कुठे?

सुहास_७४
पहिलं वाक्य टॉपिक सेन्टेन्स नाही. ती गावाची ओळख झाली. मुद्दा आधी सांगा, मग पुरावे, शेवटी लिंक. प्रत्येक परिच्छेदाला हाच साचा लावा, सुटेल.

मीरा_नाशिक
मी आयईएलटीएसची तयारी करतेय, टास्क २ मध्ये ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात. तिथे शेवटच्या वाक्यात मुद्दा पुन्हा सांगितलेला चालतो का?

कृष्णाकाठ
मीराताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. परीक्षेतला निबंध छोटा असतो, त्यात तसं चालून जातं. प्रबंधात पानोपानी तेच झालं की वाचणारा कंटाळतो.

रानवाट, सुहासरावांचं पहिलं निदान बरोबर आहे. पण शेवटचं वाक्य वर नेऊन भागणार नाही, कारण "लोकसहभाग" हा शब्द त्याआधी कुठेच येत नाही. चर कोणी खणले, बंदी गावात कशी ठरली, यातलं काहीच परिच्छेदात नाही. पुरावे एका गोष्टीचे आणि निष्कर्ष दुसऱ्याच गोष्टीचा, म्हणून गाइडना प्रश्न पडला. हातातले पुरावे काय सांगतात ते पाहा: एक वाक्य पाणी अडवण्याचं, तीन वापराला आवर घालण्याची. मुद्दा तिथेच आहे. मी असं लिहीन:

"हिवरे बाजारने पाणी अडवण्याच्या कामांना पाणीवापरावरच्या मर्यादांची जोड दिली. १९९०च्या दशकातील समतल चर आणि बांधांमुळे पाणी जमिनीत मुरण्याची सोय झाली, पण ते किती उपसायचे हा प्रश्न उरत होता. त्यासाठी गावाने सिंचनाच्या बोअरवेलवर बंदी घातली. उपशावरच्या या बंदीला पिकांच्या निवडीची साथ मिळाली: गाव उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडते आणि उसासारखी पिके टाळते."

प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातलं काहीतरी हाती धरून सुरू होतंय. इंग्रजीत इथे नुसतं 'धिस' लिहू नका, पुढे नाम जोडा: 'धिस रिस्ट्रिक्शन'. नाहीतर ते नेमकं कशाला उद्देशून आहे, हे वाचणाऱ्याला शोधावं लागतं.

दुसरं म्हणजे "मर्यादांमुळे पातळी वाढली" असं या पुराव्यांवर लिहिता येणार नाही. त्याला विहिरींच्या पातळीच्या नोंदी हव्यात, त्या वर्षांचा पाऊस हवा आणि जमलं तर असे नियम नसलेलं शेजारचं गाव. "जोड दिली" इथपर्यंतच हा पुरावा पोचतो.

सुहास_७४
पण तुमच्या परिच्छेदात लिंक कुठे आहे?

कृष्णाकाठ
पुढच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला. "हे नियम पाळले गेले, यात ग्रामसभेचा वाटा होता" असं तिथलं पहिलं वाक्य असेल, तर "हे नियम" हाच दुवा. दरवेळी शेवटी वेगळं वाक्य लावावं लागत नाही. तपासायचं असेल तर प्रकरणातली फक्त पहिली वाक्यं ओळीने वेगळ्या कागदावर उतरवा. युक्तिवाद सलग वाचता आला तर ठीक. जिथे तुटतो, तिथला परिच्छेद जागा चुकलाय किंवा त्यात दोन मुद्दे आहेत. कार्यपद्धतीच्या प्रकरणाला मात्र ही कसोटी तितकी लागू नाही, तिथे क्रम कामाचा असतो.

अबोली_पुणे
मी आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करते. मुद्दा स्पष्ट राहतो.

कृष्णाकाठ
मुद्दा ठरवायला मराठी उत्तम, मीही एक ओळ मराठीत लिहून ठेवतो. पूर्ण परिच्छेद मात्र भाषांतरित केला की कारण आधी आणि मुद्दा मागून, असा बोलण्यातला क्रम इंग्रजीत तसाच उतरतो. रानवाटच्या मसुद्यात तेच दिसतंय.

रानवाट
मनापासून आभार. पहिली वाक्यं उतरवली. हिवरे बाजारनंतर थेट भूजल कायद्यावर उडी आहे, ग्रामसभेचा परिच्छेद लिहिलेलाच नव्हता. तो लिहितेय. एक अडचण उरली: पहिल्या वाक्यातही संदर्भ द्यावा असं गाइड म्हणतात. पण ते विधान माझं आहे, चार स्रोत एकत्र वाचून केलेलं. तिथे कोणाचा संदर्भ देऊ?

अबोली_पुणे
आमच्या गाइड पहिल्या वाक्यात संदर्भ नकोच म्हणतात.

कृष्णाकाठ
विधान तुमचं असेल तर मी तिथे देत नाही, खालच्या प्रत्येक पुराव्याला देतो. पण तुमच्या विद्यापीठाची पद्धत वेगळी असू शकते. त्याच विभागात अलीकडे मान्य झालेले दोन-तीन प्रबंध काढून पाहा आणि ते दाखवून गाइडशी बोला.