मदत हवी आहे: पार्किंगचा विषय ग्रुपवर नाव न घेता कसा मांडू?

आमची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. स्टिल्टमधल्या जागा कमिटीने सभासदांना नेमून दिल्या आहेत. गेटजवळच्या पाहुण्यांच्या दोन जागांपैकी एका जागेवर एका सभासदाची दुसरी गाडी रोज रात्रभर असते. तिचा मागचा भाग रॅम्पवर येतो, त्यामुळे वळताना दोनदा रिव्हर्स घ्यावा लागतो.

वॉचमनकरवी निरोप दिला, स्वतः जाऊन बोललो, सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन पोचही घेतली. उत्तर आलं, "आधी ग्रुपवर सगळ्यांना सांगा."

अडचण अशी की दुसरी गाडी मोजक्याच घरांत आहे. नंबरप्लेट झाकून फोटो टाकला तरी रंगावरून माणूस ओळखू येतो, आणि मग चर्चा जागेची न राहता त्या घराची होते. म्हणून फोटो टाकणार नाही. मसुदा असा:

"पाहुण्यांच्या जागेवर रात्री गाडी ठेवावी का, किती तास, आणि रॅम्पपासून किती अंतर मोकळं हवं, हे कमिटीने पुढच्या सभेत ठरवावं, ही विनंती."

यातला 'रात्री' हा शब्दसुद्धा त्यांच्याकडे बोट दाखवतो का? की हा मजकूर सेक्रेटरींनीच कमिटीच्या नावाने टाकावा?